फोटोत रक्त दिसतं, पाणी दिसत नाही

समोर जो फोटो आहे, तो उजव्या डोळ्याच्या रेटिनाचा, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्याचा. मधुमेहाच्या तपासणीत साध्या फंडस कॅमेऱ्याने काढलेला. गृहस्थ ५४ वर्षांचे, मधुमेह ९ वर्षांपासून. चष्मा लावून त्यांना तक्त्यावरची ६/६ ची ओळ वाचता येते. त्यामुळे "मला तर सगळं स्वच्छ दिसतंय, डोळे कशाला तपासायचे?" हा त्यांचा प्रश्न अगदी स्वाभाविक होता.

उजवीकडे पिवळसर गोल दिसतोय ना, तिथून दृष्टिनाडी मेंदूकडे जाते. तिच्या डावीकडे, साधारण ४ मिलिमीटरवर, थोडा गडद भाग आहे. हा मॅक्युला आणि त्याच्या मधोमध फोविया. वाचणं, सुईत दोरा ओवणं, चेहरा ओळखणं, सगळं या इवल्याशा जागेवर चालतं. आजचा फोटो वाचताना आपल्याला एकच गोष्ट पाहायची आहे: बिघाड या जागेपासून किती लांब आहे.

आधी लाल ठिपके पाहू. बारीक केशवाहिन्यांच्या भिंतीला आधार देणाऱ्या काही पेशी असतात. वर्षानुवर्षं साखर वाढलेली राहिली की त्या मरतात, भिंत दुबळी होते आणि जागोजागी फुगे येतात. टाचणीच्या टोकाने केल्यासारखे हे लाल ठिपके, त्यातले बरेचसे असे फुगे आहेत. काही ठिपके म्हणजे सांडलेलं रक्त आहे. अगदी लहान ठिपका फुगा आहे की रक्त, हे नुसत्या फोटोवरून नेहमी सांगता येत नाही. पण हे इथले मोठे, कडा पुसट असलेले डाग रक्तस्रावाचेच आहेत. पडद्याच्या खोल थरात रक्त साचलं की ते असं गोलसर दिसतं. वरच्या थरात मज्जातंतू एका दिशेने पसरलेले असतात, तिथलं रक्त त्यांच्यामधून पसरून ज्योतीसारखं लांबट दिसतं. असे लांबट डाग बरेच असले तर मी रक्तदाब मोजून घ्यायला सांगतोच.

फोटो वाचणारे लोक बऱ्याचदा त्यातला फक्त हिरवा प्रकाश ठेवून पाहतात. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं, म्हणून ठिपके काळे होऊन उठून दिसतात. एखादा ठिपका प्रत्येक पेशंटच्या फोटोत त्याच जागी येत असेल, तर ती कॅमेऱ्याच्या भिंगावरची धूळ समजावी.

आता पिवळ्या रंगाकडे या. मॅक्युलाच्या डाव्या बाजूला ठळक कडांच्या पिवळ्या कणांचं एक कडं दिसतंय, आणि त्याच्या मधोमध चार-पाच लाल फुगे. फुगे गळतात. त्यातून रक्तातलं पाणी आणि त्याबरोबर चरबी, प्रथिनं पडद्यात झिरपतात. गळतीपासून थोड्या अंतरावर पाणी पुन्हा शोषलं जातं, पण चरबी तिथेच साचून राहते. पावसाळ्यानंतर भिंतीवरची ओल सुकते आणि तिच्या कडेने क्षाराची रेघ उरते, तसंच हे. म्हणून कडं दिसलं की गळती त्याच्या आत शोधायची.

खरं सांगायचं तर सूज या फोटोत दिसतच नाही. पाणी पारदर्शक आणि फोटो सपाट. जाडी वाढली आहे, हे आपण पिवळ्या कणांवरून ताडतो. म्हणून नियम असा, की पिवळे कण फोवियापासून दृष्टिनाडीच्या एका व्यासाच्या, म्हणजे सुमारे दीड मिलिमीटरच्या आत असतील, तर दृष्टी ६/६ असली तरी पेशंटला पुढच्या तपासणीला पाठवायचं. उलट, कण नसूनही सूज असू शकते. तशी सूज फोटोतून निसटते. मोतीबिंदूमुळे किंवा बाहुली लहान असल्यामुळे फोटो धूसर आला, तर त्याचा अर्थ डोळा चांगला आहे असा होत नाही. अशा पेशंटची बाहुली औषधाने मोठी करून तपासणी व्हायलाच हवी. हे मी जोर देऊन सांगतोय, कारण "फोटो नीट आला नाही" हा शेरा घेऊन माणसं घरी जातात आणि परत येत नाहीत.

या गृहस्थांचं कडं त्या दीड मिलिमीटरच्या आत आलेलं होतं. ओसीटी केलं, त्यात पडद्याचा आडवा छेद दिसतो. सूज कड्याच्या भागात होती, फोवियाचा मध्य कोरडा होता. दृष्टी शाबूत का होती, ते इथे कळतं. सूज मध्यात शिरून नजर उतरली असती, तर डोळ्यात औषधाच्या इंजेक्शनांचा विचार करावा लागला असता. यांच्या बाबतीत साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलवर लक्ष ठेवायचं, काही महिन्यांनी पुन्हा ओसीटी करायचं, आणि सूज मध्याकडे सरकू लागली तर कड्याच्या आतल्या फुग्यांना लेझर द्यायचा की इंजेक्शन, ते तेव्हा ठरवायचं, असं ठरलं. एक गोष्ट मी त्यांना आधीच सांगून ठेवली: पाणी ओसरू लागलं की पिवळे कण सुरुवातीला वाढलेले दिसू शकतात आणि पुसले जायला कित्येक महिने लागतात. पुढचा फोटो जास्त पिवळा आला, तर घाबरून उपचार बदलू नका. आधी ओसीटीत जाडी कमी झाली आहे का, ते विचारा.