मिरचीवरची पांढरी बुरशी दिसण्याआधी काय घडलेलं असतं

(एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

ओलसर कपाटातली बरणी उघडली की सुक्या लाल मिरच्यांच्या देठापाशी पांढरी लव दिसते. मग हमखास विचारलं जातं, पुसून आणि ऊन दाखवून मिरची वापरता येईल का? उत्तर ‘नाही’ असं आहे. ते का, हे नीट कळलं तर पुढच्या वेळी बरणी कशी भरायची हेही आपोआप कळतं.

मात्र पांढरं दिसलं म्हणजे बुरशीच, असं नाही. मिरचीच्या सालीवर फिकट, पिवळसर पांढरे डाग असतात. ते सालीतच असतात, बोटाने चोळून निघत नाहीत आणि त्यांना उंचवटा नसतो. ती वाळवताना रंग उडालेली मिरची. किडीचं जाळं असेल तर त्यात बारीक भुकटी अडकलेली दिसते आणि मिरचीला भोक असतं. बुरशीची लव पृष्ठभागावर उभी असते. भिंगातून पाहिलं तर तंतू दिसतात, काही दिवसांनी त्यांच्या टोकांवर हिरवट किंवा करडी पूड धरते आणि कुबट वास येतो. हा वास घ्यायला नाक बरणीत घालू नका. बीजाणू आणि तिखटाची धूळ दोन्ही श्वासात जातात.

बाहेरून स्वच्छ दिसणारी मिरची कात्रीने उभी कापून बघा. साल मेणचट असते, तिच्यातून बुरशीला सहज शिरता येत नाही. देठ आणि फळ जिथे जुळतात तिथली चीर हे तिचं खरं दार. आत पोकळी असते, बियांची पांढरी गादी असते आणि हवा हलत नाही. बाहेर काहीच नाही आणि आत बियांवर राखाडी थर, अशी मिरची अजिबात दुर्मीळ नाही.

दळलेल्या मसाल्यात ओळख थोडी अवघड. ओल लागून झालेला गोळा बोटांत दाबला की भुगा होतो. बुरशीने धरलेला गोळा तुटताना ताणतो, त्यात तंतू दिसतात. मिठाचे कण असतील तर पाण्यात विरघळतात.

आता कारणाकडे वळू. बुरशीला मिरचीत एकूण पाणी किती आहे यापेक्षा त्यातलं किती पाणी मोकळं आहे याच्याशी कर्तव्य असतं. हे मोजायची सोपी रीत म्हणजे बंद बरणीतल्या हवेची आर्द्रता बघणं, कारण मिरची आणि तिच्याभोवतीची हवा काही तासांत एकमेकींशी जुळवून घेतात. ही आर्द्रता ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर बुरशी वाढत नाही असं धरून चालावं. ७० ते ७५च्या दरम्यान कोरड्यातही तग धरणाऱ्या जाती सावकाश वाढू लागतात. ८०च्या पुढे ॲस्परजिलस फ्लेव्हससारख्या जातींना जोर येतो, आणि अॅफ्लाटॉक्सिन हे विष तयार करणाऱ्यांत हीच मुख्य.

यात एक साखळी आहे. आधी येणारी चिवट बुरशी स्वतः श्वसन करते आणि श्वसनातून पाणी बाहेर पडतं. त्या जागेपुरती ओल वाढते आणि जिला जास्त पाणी हवं ती पुढची जात तिथे रुजते. म्हणून लव दिसते त्या दिवशी बिघाड सुरू झालेला नसतो. बरणी बरेच दिवस ओली राहिलेली असते.

ओल येते कुठून? खोलीत ३० अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता आहे असं समजा. बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटाची मागची बाजू २५ अंशांवर आहे. तीच हवा तिथे थंड झाली की तिची आर्द्रता ९० टक्क्यांच्या वर जाते. खोलीत सगळं ठीक वाटतं आणि मागच्या रांगेतल्या कागदी पिशवीतली मिरची बुरशीच्या तावडीत सापडते. कपाट भिंतीपासून चार-पाच सेंटिमीटर सरकवलं तर बराच फरक पडतो.

विषाबद्दल स्पष्ट बोलायला हवं. लव आहे म्हणजे विष आहेच असं नाही, आणि लव नाही म्हणजे विष नाही असंही नाही. ते शेतात किंवा वाळवतानाही तयार झालेलं असू शकतं. डोळ्याने ते कळत नाही. ऊन दाखवल्याने बुरशीची वाढ थांबते, विष तसंच राहतं. भाजण्याने थोडं कमी होतं, पण पूर्ण मोडायला २५० अंशांच्या आसपास तापमान लागतं, आणि त्याआधी मिरचीच जळून जाते. धुण्याने तर उलट पाणी मिळतं. म्हणून दळलेला मसाला असेल तर पूर्ण डबा टाकावा. अख्ख्या मिरच्यांतून चांगल्या वेचून ठेवण्याचा मोह होतो, पण सगळ्यांनी तीच ओल सोसलेली असते आणि आतली बुरशी दिसत नाही. माझ्या मते पूर्ण बरणीच टाकावी. पिशवीत बंद करून, नाकावर मास्क लावून, झटकून नव्हे.

नवीन मिरची भरण्याआधी एक चाचणी करा. घड्याळाएवढा छोटा डिजिटल आर्द्रतामापक मिरचीसोबत काचेच्या बरणीत ठेवा, झाकण घट्ट लावा आणि दुसऱ्या दिवशी आकडा वाचा. ६०च्या खाली असेल तर निर्धास्त, ६५पर्यंत चालेल, त्याहून वर असेल तर पुन्हा वाळवा. ओव्हनमध्ये ५५ ते ६० अंशांवर, दार किंचित उघडं ठेवून, एका थरात पसरून. दर दोन तासांनी वजन करा. २०० ग्रॅममागे लागोपाठच्या दोन वजनांत एका ग्रॅमहून कमी फरक राहिला की थांबा. मिरची पूर्ण निवल्यावर लगेच बंद करा. गरम भरली तर झाकणाखाली घाम धरतो, उघडी ठेवली तर हवेतली ओल परत शोषते.

सिलिका जेलची पुडी टाकली की झालं, हा समज हिशेबात टिकत नाही. ५०० ग्रॅम मिरचीत १३ टक्के पाणी आहे आणि ते ११वर आणायचं आहे. त्यासाठी सुमारे ११ ग्रॅम पाणी काढावं लागतं. सिलिका जेल अशा बरणीत स्वतःच्या वजनाच्या साधारण पाव भाग पाणी धरतं, म्हणजे ४५ ग्रॅम जेल हवं. पाच ग्रॅमची पुडी जेमतेम सव्वा ग्रॅम पाणी घेऊन थकते. वाळलेल्या मिरचीच्या बरणीत झाकण उघडताना शिरणारी ओल टिपायला मात्र ती पुरेशी आहे.

दळलेल्या मसाल्याचं नुकसान बहुतेक वेळा वाफेने होतं. उकळत्या भांड्यावर डबा धरून मसाला घातला की वाफ आत जाते, झाकण लागतं आणि ती आतच राहते. कोरड्या वाटीत काढून मग घालावा. फ्रिजमधला डबा बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, नाहीतर थंड मसाल्यावरच हवेतलं पाणी जमतं. रोज लागेल तेवढा मसाला छोट्या डब्यात वेगळा ठेवला तर मोठा डबा आठवड्यातून एकदाच उघडावा लागतो.