तिसऱ्या दिवसाच्या शून्यावर काय लिहायचं

नवं ॲड अकाउंट उघडलं, मेटावर जाहिरात सुरू झाली आणि तिसऱ्या दिवशी क्लायंटचा मेसेज आला: “नऊशे रुपये गेले, एकही ऑर्डर नाही. जाहिरात चालत नाहीये का?” तुमच्यापैकी जे हे काम करतात, त्यांना हा मेसेज पाठ असेल. त्याचं ठरलेलं उत्तरही पाठ असेल: “लर्निंग फेज सुरू आहे, आठवडाभर थांबा, मग ऑर्डर यायला लागतील.” लहान अकाउंटच्या बाबतीत हे आश्वासन बहुतेक वेळा पाळता येत नाही. म्हणून ते देऊच नये असं माझं मत आहे. त्याऐवजी काय लिहावं, ते आज एका उदाहरणावरून बघू.

समजा, सोलापूरच्या एक ताई खणाच्या साड्या विकतात. साडीची किंमत 2,400 रुपये. माल, पॅकिंग आणि कुरिअर मिळून 1,600 जातात, म्हणजे एका साडीमागे 800 उरतात. रोजचं बजेट 300 रुपये. जाहिरात बघून वेबसाइटवर येणारा एक माणूस आठ रुपयांना पडतो. तीन दिवसांत साधारण 112 जण येऊन गेले. (ताईंच्या बँकेत नऊशे नाही, 1,062 गेलेले दिसतील, कारण वर 18 टक्के जीएसटी लागतो. हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर पहिला वाद त्यावरूनच होतो.)

आता त्या लर्निंग फेजचा हिशोब करू. जाहिरात कोणाला दाखवली तर तो खरेदी करेल, हे यंत्रणा झालेल्या खरेद्यांवरून शिकते. नव्या अकाउंटच्या पिक्सेलकडे अशी एकही खरेदी जमा नसते. मेटाचा सांगितलेला ठोकताळा असा, की एका ॲड सेटमध्ये सात दिवसांत सुमारे 50 इव्हेंट झाले की वितरण स्थिर होतं. ताईंच्या साइटवर शंभरातला एक माणूस खरेदी करतो असं धरलं, तर एक ऑर्डर 800 रुपयांना पडेल. 50 ऑर्डर म्हणजे आठवड्याला 40,000 रुपये. ताईंचं आठवड्याचं बजेट आहे 2,100. म्हणजे या बजेटमध्ये तो टप्पा आठवड्यातच काय, महिन्यातही पुरा होणार नाही. स्क्रीनवर `Learning limited` असं दिसेल आणि ते तसंच राहील. त्याने जाहिरात बंद पडत नाही, ती चालत राहते, फक्त एका ऑर्डरमागचा खर्च कमीजास्त होत राहतो. हे माहीत असताना “आठवड्याने बघा” असं लिहिलं, तर आठव्या दिवशी ताई विचारणारच, आणि तेव्हा आपल्याकडे सांगायला काही नसेल.

मेल लिहायला बसण्याआधी एक काम. इव्हेंट्स मॅनेजरमध्ये `Test events` उघडा, स्वतः साइटवर जाऊन एक ऑर्डर टाका, आणि `Purchase` हा इव्हेंट रक्कम आणि `INR` यांसह पोहोचतोय का ते बघा. मग ताईंना फोन करून विचारा, व्हॉट्सॲपवर कोणी साडीचा फोटो पाठवून “ही आहे का?” असं विचारलं का. साडीच्या धंद्यात हे फार होतं. बाई जाहिरात बघते, साइट बघते आणि ऑर्डर मात्र व्हॉट्सॲपवर देते. पिक्सेलला ती ऑर्डर दिसतच नाही. शून्य खरं आहे याची खात्री झाल्याशिवाय शून्याबद्दल लिहू नका.

मेलची सुरुवात मी अशी करेन: “नमस्कार ताई, तुमची काळजी रास्त आहे. साइटवरून ऑर्डर टाकून बघितली, नोंद नीट होते आहे. तीन दिवसांत 112 जण तुमच्या साइटवर आले, सहा जणांनी साडी कार्टमध्ये टाकली, ऑर्डर एकही झाली नाही. शंभरात एक जण घेतो असं धरलं, तरी 112 जणांनंतर एकही ऑर्डर नसणं साधारण तीनातून एकदा होतं. त्यामुळे एवढ्यावरून साडी चालत नाही किंवा जाहिरात चुकली, असं म्हणता येत नाही.”

या परिच्छेदात “धीर धरा” हे शब्द नाहीत. धीर कुठवर धरायचा, ते पुढे आकड्यात येतं: “आपण 300 जण येईपर्यंत थांबू. त्याला जीएसटी सोडून 2,400 रुपये लागतील, म्हणजे आठवा दिवस उजाडेल. 300 जणांनंतरही ऑर्डर नसेल, तर तो योगायोग असण्याची शक्यता वीसात एक एवढीच राहते. तेव्हा मी स्वतः जाहिरात थांबवेन आणि आपण बोलू.” ताईंचे पैसे त्यांच्या कष्टाचे आहेत. ते कुठल्या रकमेला थांबणार, हे त्यांना पहिल्या आठवड्यातच कळायला हवं.

पुढचा भाग नाजूक आहे, पण तो टाळू नका: “शंभरात एक ऑर्डर आली, तरी जाहिरातीचा खर्च जीएसटी सोडूनच 800 आणि तुमचे उरणारेही 800, म्हणजे हातात काही राहणार नाही. पहिल्या महिन्यात नफ्याची अपेक्षा मी तुम्हाला धरायला सांगणार नाही. कोणता फोटो चालतो, कोण घेतं आणि कार्टमधून लोक का परत जातात, हे या महिन्यात कळेल.” क्लायंटला हे वाचून वाईट वाटेल. पण बजेट वाढवायचं की नाही, हे ठरवायला त्यांना हाच आकडा लागतो. शिवाय कॅश ऑन डिलिव्हरीची पार्सलं परत येतात, तो खर्च आपण अजून धरलेलाच नाही.

मग एक विनंती: “तोवर मधेच काही बदलायला नको. फोटो, ऑडियन्स बदललं किंवा बजेट एकदम दुप्पट केलं, तर शिकणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.” तिसऱ्या दिवशी घाबरून तीन नवे ॲड सेट काढणं हा सर्वांत महाग पडणारा उपाय आहे. 300 रुपये चार ठिकाणी वाटले, की प्रत्येकाच्या वाट्याला 75 येतात आणि एकातही काही कळत नाही. एकच ॲड सेट ठेवा, त्यात दोन-तीन क्रिएटिव्ह ठेवा. खरेदीऐवजी `Add to cart` वर ऑप्टिमाइझ करावं का, असं नेहमी विचारलं जातं. इथे 150 रुपयांना एक कार्ट पडतंय, म्हणजे आठवड्याला चौदा. 50 तेव्हाही होत नाहीत, आणि कार्ट भरून निघून जाणारे लोक मात्र वाढतात. मी तरी या बजेटला खरेदीवरच ठेवेन.

आठव्या दिवशी आकडे समोर आले, की कुठे अडलंय ते वेगवेगळं दिसतं. लोक येतात पण कार्टमध्ये कोणीच टाकत नाही, तर साइटवरचं पान बघायचं: पदराचा जवळून फोटो आहे का, ब्लाउजपीस सोबत आहे की नाही हे लिहिलंय का. कार्टमध्ये पंधरा जणांनी टाकली आणि पंधराही जण पत्ता भरायच्या पायरीवर परत गेले, तर कुरिअरचा खर्च शेवटी अचानक दिसतोय का, कॅश ऑन डिलिव्हरीचा पर्याय आहे का, ते तपासायचं. यातलं काहीच ॲड अकाउंटमध्ये दुरुस्त होत नाही, म्हणून तोवर जाहिरात बंद ठेवायची. आणि एक-दोन ऑर्डर आल्या असतील, तर त्या गिऱ्हाइकांना ताईंनी फोन करून विचारावं, की साडी कशासाठी घेतली. मंगळागौर, डोहाळजेवण, ऑफिसचा कार्यक्रम, जे उत्तर येईल त्यावरून पुढचा फोटो काढायचा.