अमल, डोडा आणि तिसरी रात्र

मित्रहो, मी सुरुवात एका म्हाताऱ्या गृहस्थापासून करतो. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, पण घडले ते असेच.

वय बासष्ट. गाव जोधपूर जिल्ह्यात, मुलगा पिंपरीत टाइल्स बसवण्याची कंत्राटे घेतो. हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी बापूंना इकडे आणले होते. आदल्या संध्याकाळपासून उपाशी ठेवायचे म्हणून मुलाने त्यांच्या सगळ्या डब्या आणि पुड्या घरीच ठेवल्या. सकाळी कमरेत सुई देऊन ऑपरेशन झाले, व्यवस्थित झाले. संध्याकाळी ते जांभया देऊ लागले. एकामागून एक, जबडा दुखेल अशा. नाकातून आणि डोळ्यांतून पाणी. नर्सला वाटले, एसीमुळे सर्दी झाली. रात्री अंगावर काटा, पोटात कळा, मग जुलाब. दुसऱ्या दिवशी ते पाय झाडत होते, टाक्यांची पर्वा न करता कुशी बदलत होते. शल्यविशारदांनी पोटात संसर्ग झाला असावा म्हणून तपासण्या केल्या. रक्त ठीक, सोनोग्राफी ठीक. तिसऱ्या रात्री हाल इतके वाढले की मनोविकाराचा डॉक्टर म्हणून मला बोलावणे आले. म्हातारा वेडापिसा झाला आहे, असा निरोप होता.

ते वेडेपिसे झालेले नव्हते. कोणता वार, कोणते शहर, मुलाचे नाव, सगळे त्यांनी नीट सांगितले. दारू अचानक सुटली की तिसऱ्या दिवशी माणूस भ्रमात जातो, भिंतीवर किडे पाहतो. इथे शुद्ध स्वच्छ होती आणि शरीर तडफडत होते. मी टॉर्च घेतला. बाहुल्या मोठ्या, आणि त्या प्रकाशातही पुरत्या आकसत नव्हत्या. केसपेपरवर लिहिले होते, ‘कोणतेही व्यसन नाही’. मी पुन्हा विचारले, “बापू, काही नशा करता का?” ते दुखावले. म्हणाले, नाही. आणि ते खोटे बोलत नव्हते. मग मी विचारले, “अमल घेता?” त्यांच्या पत्नी कोपऱ्यातून पदर सावरत म्हणाल्या, “ते तर सगळेच घेतात.”

सकाळी अमल, संध्याकाळी डोड्याचे पाणी. बत्तीस वर्षे.

आजचा सगळा विषय त्या एका उत्तरात आहे. मारवाडात अफूला अमल म्हणतात, आणि लग्न असो, सुतक असो, भावकीचा तंटा मिटवायचा असो, रियाण, म्हणजे मंडळींची बैठक, बसते तेव्हा पाण्यात उतरवलेले अमल तळहातावरून पाहुण्याला पाजतात. त्या आग्रहाला मनवार म्हणतात. नाकारणे म्हणजे यजमानाचा हात झिडकारणे. बोंडाला चिरा देऊन चीक काढून घेतला की जे सुकलेले टरफल उरते तो डोडा. पंजाबात त्याच्या चुऱ्याला भुक्की म्हणतात, आणि लांबच्या पल्ल्याच्या ट्रकचालकांमुळे हे दोन्ही शब्द आपल्या महामार्गांवरच्या ढाब्यांनाही ठाऊक आहेत. चीक काढलेला, म्हणजे जीव गेलेला पाला, असा लोकांचा समज. पण चीक पूर्ण निघत नाही. टरफलात मॉर्फिन उरते, कोडीन उरते. किती उरते ते रोपाच्या वाणावर, चिरा किती वेळा दिल्या त्यावर, पावसावर ठरते. एका पोत्यातला डोडा दुसऱ्यापेक्षा कैक पटींनी जहाल असू शकतो आणि डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. (आपल्या अनारशांवरची खसखस वेगळी. ते त्याच बोंडातले बी आहे, त्यात मॉर्फिन जवळपास नसते, आणि १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानेही बी वगळून बाकीच्या रोपालाच ‘पॉपी स्ट्रॉ’ धरले आहे.)

आता मला नेहमी विचारला जाणारा प्रश्न. हे तर पोटात घेतात, सुई नाही, धूर नाही. पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. मग हेरॉइनसारखी सवय का लागावी?

पोटातून घेतलेले मॉर्फिन हळू चढते आणि बरेचसे यकृतात मोडते. म्हणून सुईसारखा एकदम तडाखा बसत नाही. हे खरे आहे, आणि अमल घेणारा माणूस शेत नांगरतो, हिशेब करतो, नातवंडे खेळवतो तेही यामुळेच. पण शरीराला लागणारी सवय तडाख्यावर उभी नसते. ती सातत्यावर उभी असते. औषध रोज, ठरल्या वेळी, दिवसातून दोनदा शरीरात असणे, एवढे तिला पुरते. आणि परंपरेने नेमके हेच दिले आहे: नेम. चुकारपणा न करता दोन वेळा. काही आठवडे रोज घेतले तरी ते सुटताना त्रास दिसू लागतो. इथे तर बत्तीस वर्षांचा नेम होता.

रस्सीखेच आठवा. एका बाजूने अफू ओढते आहे: मेंदूच्या देठातल्या एका छोट्या केंद्राला ती शांत करते. लोकस सेरुलियस त्याचे नाव. जागेपणा, धडधड, घाम, सावधपणा यांची सूत्रे तिथून हलतात, नॉरॲड्रिनलिन या रसायनामार्फत. अफू रोज त्याला दाबते म्हटल्यावर त्या पेशी आपल्या आतली यंत्रणा वाढवतात आणि उलट दिशेने जोर लावू लागतात. दोन्ही बाजू समान झाल्या की दोरी जागेवर स्थिर दिसते. माणूस ‘नॉर्मल’ दिसतो. हा समतोल म्हणजे अंगवळणी पडणे. म्हणून पूर्वीच्या मात्रेने पूर्वीइतके वाटत नाही आणि मात्रा चढत जाते. आता समोरच्यांनी अचानक दोरी सोडली तर? आपली बाजू लावलेल्या जोरासह पाठीवर कोसळते. अफू थांबते, पण पेशींनी वाढवलेला उलटा जोर तसाच राहतो. तो उतरायला दिवस लागतात.

म्हणूनच प्रत्येक लक्षण अफूच्या परिणामाचे बरोबर उलटे चित्र असते. अफूने बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, सुटली की विस्फारतात. अफूने शौचाला खडा होतो, सुटली की जुलाब. अफूने नाक-डोळे कोरडे, सुटली की धार. आणि अफू दुखणे झाकते, म्हणून सुटली की बत्तीस वर्षांची गुडघेदुखी एका रात्रीत परत येते, हाडे कुरतडल्यासारखी. बापूंच्या बाबतीत आणखी एक खूण आधीपासून समोर होती. घरचे म्हणाले, वर्षानुवर्षे ते रोज रात्री इसबगोल घेतात. इतर बहुतेक परिणाम अंगवळणी पडतात, बद्धकोष्ठ सहसा पडत नाही. कुंथून कुंथून हर्निया वाढला असेल, असा माझा अंदाज आहे, पण तो सिद्ध करता येणार नाही.

वेळेचा हिशेब पाहा. शेवटची मात्रा आदल्या संध्याकाळी. आठ-बारा तासांनी, म्हणजे ऑपरेशनच्या सकाळीच, अस्वस्थता सुरू झाली असणार, पण भीती समजून ती दुर्लक्षिली गेली. दीड ते तीन दिवसांत त्रास शिगेला पोहोचतो, आणि मला बोलावणे आले तेव्हा तेच सुरू होते. सात-दहा दिवसांत शरीर बरेचसे निवळते. झोप मात्र कित्येक आठवडे रुसून बसते, आणि लोक परत डब्बीकडे वळतात ते बहुधा त्या झोपेसाठी.

आता तुम्ही म्हणाल, मग गावाकडे हे कधी दिसत कसे नाही? कारण तिथे पुरवठा तुटत नाही. इंग्रज सरकारने १८९३ ते १८९५ या काळात अफूवर एक रॉयल कमिशन नेमले आणि त्याचा निष्कर्ष असा होता की हिंदुस्थानी माणूस बेताने अफू घेतो, त्याला फारसा अपाय होत नाही. अफूच्या महसुलावर बसलेल्या सरकारला हा निष्कर्ष सोयीचा होता. पण मला त्यातली मूळ चूक वैद्यकीय वाटते. रोज खाणाऱ्याकडे पाहून सवय मोजता येत नाही, ती त्याच्या हातातून डब्बी गेल्यावर मोजता येते. मुंबईत गिरणीतल्या बायका कामावर जाताना तान्ह्याला अफूची बाळगोळी देत. मूल शांत झोपे, म्हणून ती ‘गुणकारी’. एखाद्या सुटीच्या दिवशी गोळी चुकली आणि मूल रात्रभर रडत राहिले, तर त्या रडण्याला कोण काय नाव देणार होते?

राजस्थानात परवान्यावर डोडा मिळे. सरकारने ती दुकाने २०१६मध्ये बंद केली, व्यसनमुक्तीची शिबिरेही घेतली. दुकान बंद होताच पेशींनी वाढवलेला जोर बंद होत नाही. तिथून डोडा घेणारे काही जण चोरट्या बाजाराकडे गेले, काही औषधाच्या दुकानातल्या गोळ्यांकडे. २०१९च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या दहा ते पंचाहत्तर वयातल्या लोकांपैकी अर्ध्या टक्क्याहून थोडे अधिक लोक अफू किंवा डोडा घेणारे आढळले. आपल्या वॉर्डात ते येणारच, आणि आपल्या केसपेपरवर ‘व्यसन नाही’ असेच लिहिले जाणार, जोवर आपण त्यांच्या शब्दांत विचारत नाही.

बापूंचे पुढे काय केले? ब्युप्रेनॉर्फिन. ही गोळी जिभेखाली ठेवतात. अफू जिथे बसते त्याच जागी ती घट्ट बसते, पण अर्धवटच काम करते. म्हणून एक काळजी घ्यावी लागते: अफू अजून अंगात असताना दिली, तर ती अफूला ढकलून बाहेर काढते आणि त्रास थोड्याच वेळात उसळतो. शेवटच्या मात्रेपासून किमान बारा तास गेलेले असावेत आणि लक्षणे डोळ्यांनी दिसत असावीत. बापूंना तर दोन दिवस उलटून गेले होते, तेव्हा तो प्रश्न नव्हता. दोन मिलिग्रॅम दिली, तासाभराने पुन्हा पाहिले, थोडी वाढवली. सलाइन सुरू होतेच. पहाटे पायांचे झाडणे थांबले आणि ते टेकून बसले.

तरुणाला हा त्रास सहसा मारत नाही, असे आपण शिकतो. म्हाताऱ्याला, हृदय कमजोर असलेल्याला, जुलाबाने कोरडे पडलेल्याला तो मारू शकतो, आणि गरोदर स्त्रीची अफू तर एकदम थांबवायचीच नसते. आणखी एक धोका बरे झाल्यावर येतो. दोन-तीन आठवड्यांत अंगवळण उतरते. मग माणूस घरी जाऊन सवयीने जुनीच मात्रा घेतो आणि श्वास मंदावतो. मुलाला मी हे तीनदा सांगितले, चौथ्यांदा लिहून दिले.

सहा आठवड्यांनी बापू आले. गोळी चालू होती, शौचाची तक्रार बरीच कमी, झोप चार तास. धाकट्या भावाच्या बाराव्याला गावी जायचे होते. त्यांनी मला सरळ विचारले, “मनवार येईल. हात पुढे येईल. काय करू?” मी म्हटले, गोळी सोबत ठेवा, मुलाला शेजारी बसवा, आणि परत येईपर्यंत मात्रा कमी करायची नाही. ते गेले. परत आल्यावर म्हणाले, तळहात पुढे आला, त्यांनी दोन्ही हात जोडले आणि ऑपरेशन झाले आहे असे सांगितले. यजमान काही बोलला नाही. पण त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. गोळी कमी करायची तारीख आम्ही महिनाभर पुढे ढकलली.