नऊ कांबळी की नवं कांबळं?

नमस्कार श्रोतेहो.

एका मुलाच्या अंगावर नवं कांबळं होतं. कुणी म्हणालं, "हा मुलगा नवकंबल आहे." लगेच दुसरा विचारतो, "नऊ कांबळी? मला तर एकच दिसतंय!" वात्स्यायनाच्या न्यायभाष्यातलं, म्हणजे आपल्याकडच्या तर्कशास्त्रावरच्या जुन्या ग्रंथातलं, हे उदाहरण. 'नव' म्हणजे नवा आणि नऊही. समोरच्याच्या मनात नसलेला अर्थ त्याच्या बोलण्याला चिकटवायचा आणि तोच खोडून काढायचा, याला न्यायशास्त्रात 'छल' म्हणतात.

वादविवाद मंडळात नवी मुलं आली की मी हाच एक दोष आधी शिकवते. वीस दोषांची यादी पाठ करून घेतली, तर मुलं व्यासपीठावर नुसती नावं फेकतात.

सराव चिठ्ठ्यांवर होतो. एका चिठ्ठीवर आई म्हणते, "परीक्षा होईपर्यंत रात्री दहानंतर मोबाईल नको." मुलगा म्हणतो, "म्हणजे मी मित्रांशी बोलायचंच नाही?" इथं "चूक आहे" म्हटलेलं मी चालवून घेत नाही. वहीत मधोमध रेघ मारायची. डावीकडे आईचं वाक्य जसंच्या तसं, उजवीकडे मुलानं ते कसं ऐकलं ते. मग गळालेले शब्द शोधायचे. 'परीक्षा होईपर्यंत' गेलं, 'रात्री दहानंतर'ही गेलं. छल बहुतेक वेळा असाच होतो, अटी गुपचूप गळतात. आणि ते मुद्दाम केलेलं असतं असंही नाही. रागात आपल्याला अटी ऐकूच येत नाहीत.

दोन-तीन तासांत मुलांचे डोळे तयार होतात आणि खरी पंचाईत सुरू होते. त्यांना जिथंतिथं छल दिसू लागतो! म्हणून दहा चिठ्ठ्यांत चार निर्दोष ठेवते, आणि त्या किती ते सांगत नाही. त्यातली एक अशी: आई म्हणते, "पडद्याकडे बघून डोळे दुखतात, म्हणून मोबाईल बंद." मुलगा म्हणतो, "मग टीव्हीपण बंद करावा लागेल." निम्मा वर्ग हात वर करतो, "छल!" पण नाही. टीव्हीचं नाव आईनं घेतलं नव्हतं, हे खरं. मुलानं मात्र तिचंच कारण धरून ते पुढं नेलंय. पडदा टीव्हीलाही आहेच. आईला आता दोन पडद्यांतला फरक तरी सांगावा लागेल, नाहीतर मालिका सोडावी लागेल.

म्हणून ओळखायची खूण एकच ठेवली आहे: उत्तर देणाऱ्यानं समोरच्याचं कारण धरलंय, की त्याची अट गाळलीय?

आता एक चिठ्ठी तुमच्यासाठी. सोसायटीच्या बैठकीत एक काका म्हणतात, "पार्किंगमध्ये क्रिकेट नको, गाड्यांच्या काचा फुटतात." एक आई उसळते, "म्हणजे पोरांनी खेळूच नये?" मागून एक मुलगा विचारतो, "काका, स्पंजच्या चेंडूनं खेळलं तर?"

दोघांपैकी छल कुणी केला? रेघ मारा आणि बघा.