दीडची गोळी लागू का पडत नाही?

(दृश्य: जेवणाचं टेबल. औषधांची डबी, शेजारी एक उघडी वही.)

दुपारचे तीन वाजलेत. आजोबांना खुर्चीतून उठायचंय, पण पाऊल उचलत नाही. त्यांना पार्किन्सन आहे आणि दीडला त्यावरची लिव्होडोपाची गोळी घेतलीय. सकाळी आठला हीच गोळी अर्ध्या तासात त्यांना चालतं करते.

आजींनी वहीत सगळं टिपून ठेवलंय. आठला गोळी, साडेआठला हालचाल मोकळी. साडेअकराला उजव्या हाताला पुन्हा कंप. एकला जेवण: वरणभात, मटकीची उसळ, वाटीभर दही. दीडला गोळी. तीन वाजेपर्यंत काहीच फरक नाही.

घरच्यांना वाटतं, औषधाची ताकदच कमी पडतेय. पण वही नीट पाहिली तर इथे दोन वेगळ्या गोष्टी घडतायत.

साडेअकराला गोळीचा असर ओसरतो. लिव्होडोपा रक्तात फार वेळ टिकत नाही, साधारण दीड तासात निम्मी होते. आजार नवा असताना मेंदूतल्या पेशी तिच्यापासून बनलेलं डोपामिन, म्हणजे हालचालीला लागणारं रसायन, साठवून पुरवून वापरतात. पेशी कमी होत गेल्या की साठाही राहत नाही. मग रक्तातलं औषध उतरलं की हालचालही उतरते. याला ‘वेअरिंग ऑफ’ म्हणतात.

दीडची गोळी मात्र ओसरत नाही, ती सुरूच होत नाही. लिव्होडोपा लहान आतड्यातून ज्या दाराने रक्तात शिरते, त्याच दाराने प्रथिनांतली काही अमिनो आम्लंही शिरतात. उसळ-दह्याच्या गर्दीत गोळी मागे राहते. रक्तातून मेंदूत जातानाही हीच चढाओढ. शिवाय भरल्या पोटातून गोळी आतड्यात पोचायलाच उशीर होतो.

(दृश्य: वहीचं नवं पान.)

डॉक्टरांनी तीनऐवजी चार वेळा गोळी दिली: आठ, सव्वाअकरा, अडीच, पावणेसहा. पहिलीचा असर उतरायच्या आत दुसरी. दुपारचं जेवण एकलाच, पण हलकं: भात, भाजी, भाकरी. उसळ, दही, पनीर रात्रीच्या ताटात गेलं. प्रथिनं तोडायची नाहीत, फक्त हलवायची. वजन घटू लागलं तर हा बेत बदलावा लागतो. आणि रात्री अंग जड वाटू शकतं, ही त्याची किंमत.

एरवी जेवणाआधी अर्धा तास किंवा नंतर किमान एक तास, हा ढोबळ हिशेब. नव्या रुग्णाला रिकाम्या पोटी मळमळलं तर गोळीबरोबर एखादं बिस्किट चालतं, ग्लासभर दूध नको. लोहाची गोळीही दोन तास लांब ठेवायची, कारण लोह लिव्होडोपाला धरून ठेवतं.

गोळ्यांच्या वेळा आणि संख्या मात्र डॉक्टरांना विचारूनच बदलायच्या. औषध नीट शोषलं जायला लागलं की तोच डोस कधी जास्त होतो. मान, खांदे, हात आपोआप वळवळू लागतात. आजी आता त्यासाठी वहीत वेगळा रकाना ठेवतात.