सुई लागली म्हणून कॅन्सर पसरतो का? आणि साखर सोडली की गाठ उपाशी मरते का?

[कॅमेऱ्यासमोर. हातात बायोप्सीची सुई, टोकाला टोपण.]

नमस्कार. ही सुई जवळून बघा. १४ गेजची आहे, म्हणजे जाडीला साधारण दोन मिलिमीटर. स्तनातल्या गाठीची बायोप्सी बऱ्याच ठिकाणी अशाच सुईने करतात. आणि हिच्याचबद्दल नातेवाईक बजावत असतात, "सुई लावू देऊ नका हं, गाठ फुटते आणि अंगभर पसरते." दुसरी समजूत साखरेची. आज या दोनच घेऊ. दोन्हींच्या मुळाशी काहीतरी खरं आहे, म्हणून "छे, अंधश्रद्धा!" एवढं म्हणून भागत नाही.

आधी बायोप्सीत होतं काय ते बघू. समजा, ४८ वर्षांच्या एका बाईंना दोन सेंटीमीटरची गाठ लागली आहे. सोनोग्राफीच्या पडद्यावर गाठ बघत डॉक्टर भुलीचं इंजेक्शन देतात. दोन-तीन मिलिमीटरचा छेद घेऊन सुई गाठीच्या तोंडाशी आणतात. बटण दाबलं की खट्‌ असा आवाज होतो. तो आवाज आधी ऐकवून ठेवला तर पेशंट दचकत नाही. सुईच्या खाचेत शेवईच्या तुकड्यासारखा एक बारीक तुकडा येतो, दीड-दोन सेंटीमीटर लांब. असे चार-पाच घेतात आणि फॉर्मलिनच्या बाटलीत टाकतात. गाठीचा तुकडा सहसा तळाला जातो आणि नुसती चरबी आली असेल तर ती तरंगते, त्यामुळे नेम बरोबर लागला का याचा अंदाज तिथेच येतो. नंतर दहा मिनिटं जागा दाबून धरायची. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आधीच सांगायची, आपल्या मनाने बंद करायची नाही.

आता खरी गोष्ट. सुई बाहेर येताना तिच्या वाटेत काही पेशी सांडतात का? हो, सांडतात. १९९९ साली अमेरिकेत छापून आलेल्या एका अभ्यासात, सुईने बायोप्सी होऊन नंतर ऑपरेशन झालेल्या ३५२ जणींच्या स्तनांतला काढलेला भाग तपासला. त्यातल्या ३२ टक्क्यांत सुईच्या वाटेवर पेशी सापडल्या. इथे थांबलं तर समजूत खरीच वाटेल. पण पुढचा आकडा महत्त्वाचा आहे.

[स्क्रीनवर: १५ दिवसांच्या आत – ४२%. १५ ते २८ दिवस – ३१%. २८ दिवसांनंतर – १५%.]

बायोप्सी आणि ऑपरेशन यांत जितके दिवस जास्त गेले, तितक्या या पेशी कमी सापडल्या. त्या रुजून वाढत असत्या तर आकडा चढायला हवा होता. जागेवरून सुटलेली बहुतेक पेशी तग धरत नाही. तिला ना रक्तपुरवठा असतो ना आधार, आणि शरीराची साफसफाई चालूच असते. शिवाय सुईची वाट बरेचदा ऑपरेशनमध्ये किंवा नंतरच्या रेडिएशनमध्ये येते.

मग "सुई लावली आणि गाठ वाढली" हे लोकांना दिसतं ते काय? बरेचदा ते साकळलेलं रक्त असतं. जागा काळी-निळी पडते, गाठ हाताला आधीपेक्षा मोठी लागते, आणि एक-दोन आठवड्यांत ते ओसरतं. सूज भराभर वाढत असेल, रक्त थांबत नसेल किंवा ताप आला, तर मात्र त्याच दिवशी दाखवायचं. दुसरं कारण जास्त वाईट. रिपोर्ट येतो, घर हादरतं, चार-पाच महिने झाडपाल्यात जातात, काखेत गाठ येते आणि दोष सुईच्या माथी बसतो.

याला अपवाद आहेत, तेही सांगतो. वृषणाच्या गाठीत अंडकोषाच्या त्वचेतून सुई घालत नाहीत. जांघेतून छेद घेऊन वृषणच काढतात. बीजांडकोशाची गाठ लवकरच्या टप्प्यातली आणि पूर्ण काढता येण्यासारखी वाटत असेल तर ती टोचत नाहीत, अख्खी काढतात. सार्कोमा नावाच्या हाडाच्या कॅन्सरमध्ये सुईची वाट ठरवताना पुढचं ऑपरेशन करणाऱ्या सर्जनचा सल्ला लागतो, कारण ती वाट पुढे गाठीबरोबर काढायची असते. म्हणजे कुठे टोचायचं नाही याचे नियम डॉक्टरांनी आधीच आखलेले आहेत.

खरं नुकसान होतं ते वेगळीकडे. "छोटीशी तर गाठ आहे, काढून टाकू," म्हणून बायोप्सीशिवाय गाठ काढली जाते आणि कधी कधी ती तपासणीला जातच नाही. आपल्या त्या बाईंची गाठ हार्मोनवर वाढणारी आहे का, तिच्यात हर-टू नावाचं प्रथिन जास्त आहे का, हे त्या शेवईएवढ्या तुकड्यावरून कळतं. त्यावरूनच ठरतं, आधी ऑपरेशन की आधी केमो. म्हणून शरीरातून काढलेली कुठलीही गाठ फॉर्मलिनमध्येच गेली पाहिजे, नुसत्या सलाईनमध्ये नाही. फॉर्मलिन गाठीच्या किमान दसपट हवं, नाहीतर आतला भाग खराब होतो. रिपोर्टच्या कागदाबरोबर काचपट्ट्या आणि मेणाचे ब्लॉकही मागून घ्या. मोठ्या कॅन्सर रुग्णालयात ते पुन्हा तपासायला मागतात, आणि नसतील तर परत सुई लागू शकते.

[साखरेची वाटी पुढे सरकवत.]

आता ही. १९२०च्या दशकात ओटो वारबुर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवलं, की कॅन्सरच्या पेशी ग्लुकोज फार वापरतात. पेट स्कॅन चालतो तो याच गुणावर: ग्लुकोजसारखा किरणोत्सारी पदार्थ टोचतात आणि गाठ पडद्यावर चमकते. हे सगळं खरं. चूक होते ती पुढच्या पायरीवर, "मग साखर सोडा, गाठ उपाशी मरेल" इथे.

गाठीला ताटातली साखर मिळत नाही, रक्तातली मिळते. आणि रक्तातली साखर शरीर घसरू देत नाही. मेंदूलाच दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं. तुम्ही साखर, भात, पोळी, फळं सगळं सोडलंत तरी यकृत ग्लुकोज बनवतं, आणि त्यासाठी लागणारा माल स्नायू मोडून आणतं. गाठ खात राहते, दंड आणि मांड्या झिजतात. वजन घटलं की केमो झेपत नाही, डोस पुढे ढकलावे लागतात. तोंडाच्या कॅन्सरमध्ये रेडिएशन चालू असताना तर गिळणंच अवघड असतं, तेव्हा दुधातली खीर किंवा गूळ घातलेली नाचणीची पेज काढून घेणं हा शुद्ध अडाणीपणा आहे.

उपचार चालू असताना वजनाच्या दर किलोला दिवसाला १ ते १.५ ग्रॅम प्रथिनं आणि २५ ते ३० कॅलरी धरतात. ५० किलोच्या बाईंना म्हणजे ५० ते ७५ ग्रॅम प्रथिनं. दोन अंडी १२ ग्रॅम, दोन पेले दूध १३, दोन वाट्या घट्ट वरण १४ – इथेच ३९ झाले. उरलेलं पोळी, दही, पनीर, शेंगदाणे, मासे यांतून भरतं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा हिशोब डॉक्टरांकडून करून घ्यायचा.

साखरेचा कॅन्सरशी संबंध आहे, पण वळणाने. वर्षानुवर्षं गोड जास्त, वजन जास्त, आणि लठ्ठपणामुळे स्तन, गर्भाशय, मोठं आतडं अशा काही कॅन्सरचा धोका वाढतो. चहात दोन चमचे साखर घालणाऱ्या पेशंटच्या गाठीशी त्याचा संबंध लावू नका.

मधुमेह असेल तर मात्र गोष्ट वेगळी. केमोबरोबर उलटी थांबवायला बरेचदा डेक्सामेथासोन देतात, ते स्टेरॉइड आहे, आणि त्याने दोन-तीन दिवस साखर बरीच चढते. केमो ठरल्याबरोबर विचारून ठेवा: त्या दिवसांत साखर किती वेळा तपासायची, आणि कितीच्या वर गेली की फोन करायचा.