शंभरातलं एक घर

आटपाडी तालुक्यातली ही वाडी. सकाळचे सात वाजलेत आणि पोरं दारादारावर खडूनं नंबर टाकत चाललीत. प्रश्न विचारायला अजून वेळ आहे, आधी घरं मोजायची, याला हाऊस लिस्टिंग म्हणतात, आणि सर्व्हे बिघडतो तो बहुतेकदा इथंच.

हिशोब असा आहे. सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यातल्या गावांचा एक गट केला, सोपं जावं म्हणून त्यात ४०,००० घरं धरू. आपल्याला ४०० हवीत, म्हणजे शंभरात एक. अशी २० गावं निवडायची, पण सरसकट चिठ्ठ्या टाकून नाही, २०११ च्या जनगणनेत ज्याची घरं जास्त त्याला संधी जास्त. ५०० घरांचं गाव यायची शक्यता चारात एक, २०० घरांच्या वाडीची दहात एक. मग प्रत्येक ठिकाणी २० घरं घेतली की मोठ्या गावात पंचविसात एक घर येतं आणि वाडीत दहात एक. गुणाकार करून बघा, दोन्हीकडं शंभरात एकच येतं! सगळ्या घरांचं वेट, म्हणजे सरासरीतलं वजन, सारखं, सरासरी काढताना वेगळं काही करावं लागत नाही. पलूस-वाळव्याच्या ऊसपट्ट्यातही हाच शंभरातला एक धरायचा, तरच दोन्ही गट थेट एकत्र करता येतात.

पण जनगणना जुनी झालीय ना. वाडीत मोजायला गेलं तर २०० ची ३०० घरं निघतात, आणि आपण तिथं वीसच घेतली तर शंभरातलं एक राहतच नाही, दीडशेत एक होतं, म्हणजे नव्यानं वसलेल्या लोकांचा आवाज नकळत कमी होतो. मला हे फार लागतं, कारण आकडे बघून ते कुणाला कळतही नाही.

म्हणून २० हा आकडा धरून बसायचं नाही, अंतर धरायचं. वाडीत दर दहावं घर, मग ३०० झाली तर ३० घरं घ्यायची. मोठ्या गावात दर पंचविसावं, तिथं माणसं सोनं-चांदी गाळायच्या गलाईच्या धंद्यासाठी कायमची परगावी गेली आणि राहती घरं ४०० च उरली तर १६. सुरुवात कुठल्या घरापासून, तेवढं चिठ्ठीनं ठरवायचं. एकूण बरोब्बर ४०० भरणार नाहीत, एखाद्या पोराला दोन दिवस जास्त लागतील, तो खर्च आधीच धरून ठेवावा. आणि एखादं गाव तिप्पटच वाढलं असेल तर कमी घरं घ्या हवं तर, पण मग त्या गावाचं वेट वेगळं लावावंच लागतं.

हे बघा, दहावं घर, कुलूप आहे. शेजारच्या काकू हाक मारतायत, आमच्यात या की म्हणून. जायचं नाही. संध्याकाळी परत यायचं, उद्या परत यायचं, नाहीच भेटले तर फॉर्मवर कुलूप म्हणून लिहायचं.